परदेशातला एक युरो आपल्याला नेमका कितीला पडतो?

सहलीच्या जाहिरातीत माणशी दीड लाख, दोन लाख असा आकडा ठळक छापलेला असतो आणि घरात चर्चा त्याच आकड्यावरून सुरू होते. विमान आणि हॉटेल हे दोन खर्च मोठे असले तरी फसवत नाहीत. ते आधी दिसतात, चार ठिकाणी तुलना करता येते. बजेट बिघडतं ते उरलेल्या रकमेत: व्हिसा, विमा, चलन बदलताना कापले जाणारे टक्के आणि तिथे पोचल्यावर रोज खिशातून जाणारे पैसे. या रकमेचा हिशोब रुपयांत मांडायला बसलं की तो चुकतो. तो तिथल्या चलनात मांडायचा, आणि ते चलन आपल्या हातात येईपर्यंत कितीला पडतं हे वेगळं काढायचं.

एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत नेऊ. नाशिकचं पाच जणांचं कुटुंब आहे: आई-बाबा, 67 वर्षांची आजी, 14 वर्षांची मुलगी आणि 9 वर्षांचा मुलगा. मे महिन्यात चार रात्री पॅरिस आणि सहा रात्री स्वित्झर्लंड असा बेत आहे. मराठी घरांत हा बेत इतका रुळलेला आहे की वाचणाऱ्यांपैकी अनेकांनी तो निदान कागदावर तरी आखला असेल. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून युरो 100 रुपये आणि स्विस फ्रँक 107 रुपये धरतो. तुम्ही त्या दिवसाचा भाव घाला, रीत तीच राहील.

सुरुवात व्हिसापासून, कारण पहिला पैसा तिथे जातो आणि तो परत येत नाही. फ्रान्स आणि स्वित्झर्लंड दोन्ही शेंगेनमध्ये येतात, म्हणून व्हिसा एकच लागतो. अर्ज ज्या देशात जास्त रात्री काढणार त्या देशाकडे करायचा, इथे स्वित्झर्लंडकडे. रात्री सारख्याच असत्या, तर ज्या देशात आधी पाऊल ठेवणार त्याच्याकडे. जून 2024 पासून शेंगेन व्हिसाचं शुल्क प्रौढांना 90 युरो आहे, 6 ते 12 वयाच्या मुलांना 45 युरो आणि सहा वर्षांखाली काहीच नाही. बारा वर्षं पूर्ण झाली की मूल शुल्काच्या दृष्टीने मोठं होतं, म्हणून मुलीचे पूर्ण 90 लागतील आणि मुलाचे 45. पाच जणांचे मिळून 405 युरो, म्हणजे आपल्या भावाने 40,500 रुपये. प्रत्यक्षात पैसे रुपयांतच भरायचे असतात आणि त्याचा दर दूतावास ठरवतो.

त्यावर अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क येतं. युरोपीय नियमानुसार ते साधारणपणे व्हिसा शुल्काच्या निम्म्याहून जास्त असू नये. आपल्या हिशोबात माणशी दोन हजार धरू, म्हणजे दहा हजार. केंद्रात गेल्यावर एसएमएस, कुरिअर, प्रीमियम लाउंज, फॉर्म भरून देणं अशा सेवा पुढे केल्या जातात. त्या ऐच्छिक असतात आणि त्यांच्यामुळे व्हिसा मिळण्याची शक्यता तसूभरही वाढत नाही. फोटो, झेरॉक्स आणि नाशिकहून मुंबईला किंवा पुण्याला जाऊन येण्याचा खर्च धरला, की पाच जणांचा व्हिसाच 53 ते 55 हजारांवर जातो. जाहिरातीतल्या आकड्यात तो बहुधा नसतो.

व्हिसा नाकारला गेला, तरी हे पैसे बुडतातच. म्हणून पैसे कोणत्या क्रमाने बाहेर जातात याला फार महत्त्व आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला सहसा पंधरा दिवस लागतात, पण ते पंचेचाळीसपर्यंत लांबू शकतात. तोवर हॉटेलं विनाशुल्क रद्द करता येतील अशीच घ्यावीत. विमानाचं तिकीट स्वस्त पण परतावा नसलेलं घेऊन मग व्हिसाच्या रांगेत उभं राहणं हा मोठा जुगार आहे, आणि पाच तिकिटांवर तो खेळू नये.

अर्जासोबत बँकेचं स्टेटमेंट द्यावं लागतं. खात्यात किती पैसे असावेत याबद्दल नातेवाइकांत तऱ्हेतऱ्हेचे आकडे फिरतात. प्रत्यक्षात देशांनी स्वतःच मापं जाहीर केली आहेत. स्वित्झर्लंड माणशी दिवसाला 100 फ्रँक धरतं. फ्रान्स हॉटेलचं बुकिंग असेल तर 65 युरो आणि नसेल तर 120 युरो धरतं. त्यामुळे आपल्या बजेटला एक बाहेरचा आधार मिळतो. रोजचा खर्च आपण या मापाच्या फारच खाली धरला असेल, तर कुठेतरी काहीतरी राहून गेलंय असं समजावं. आणि अर्जाच्या आदल्या आठवड्यात काकांकडून चार लाख खात्यावर फिरवून घेऊ नयेत. शिल्लक तपासणारा माणूस शेवटचा आकडा पाहतो, तसा तो कसा वाढला हेही पाहतो.

विम्याच्या बाबतीत बहुतेक घरं एकच गोष्ट बघतात: व्हिसाला चालेल ना? शेंगेनची अट अशी की वैद्यकीय संरक्षण किमान 30,000 युरोचं असावं, मुक्कामाचे सगळे दिवस आणि सगळे शेंगेन देश त्यात यावेत, आणि तातडीचे उपचार तसंच मायदेशी परत आणण्याचा खर्च मिळावा. स्वस्तातली पॉलिसीही ही अट पुरी करते. मात्र ही अट व्हिसा देणाऱ्या देशाच्या सोयीची आहे, आपल्या आजीच्या नाही.

आजीला रक्तदाब आणि मधुमेह आहे असं धरा. प्रवास विम्यात आधीपासून असलेले आजार एक तर वगळलेले असतात किंवा जिवावर बेतलं तरच, तेही ठरावीक रकमेपर्यंत, ग्राह्य धरले जातात. साठी ओलांडलेल्यांसाठी अनेक पॉलिसींत उपमर्यादा असतात: रुग्णालयाच्या खोलीला दिवसाला इतके डॉलर, शस्त्रक्रियेला इतके, तपासण्यांना इतके. वर पन्नास हजार डॉलर छापलेलं असतं आणि आत खोलीचं भाडं अशा आकड्यावर अडकवलेलं असतं की त्यात स्वित्झर्लंडमधली खोली बसत नाही. म्हणून पॉलिसीची पहिली ओळ वाचून थांबू नका, लाभांचा तक्ता मागवा आणि उपमर्यादेचा रकाना बघा. आजीसाठी उपमर्यादा नसलेली, आधीचे आजार निदान काही रकमेपर्यंत घेणारी पॉलिसी वेगळी काढावी. तिचा हप्ता आई-बाबांच्या हप्त्याच्या कित्येक पट होईल. आई-बाबा आणि मुलांचा हप्ता माणशी हजार-दीड हजारांत बसू शकतो. आजार लपवून हप्ता कमी करायचा मोह होतो, पण दावा आल्यावर कंपनी जुने कागद मागवते आणि लपवलेलं तिथे उघड होतं.

आणखी दोन गोष्टी इथेच विचारून घ्याव्यात. दाव्यातली सुरुवातीची काही रक्कम, बहुधा शंभर डॉलरच्या आसपास, आपल्यालाच सोसावी लागते. ती किती, हे लिहून घ्या. आणि इंटरलाकेनला पॅराग्लायडिंग करायचं मुलीच्या मनात असेल, तर साहसी खेळ पॉलिसीत आहेत का ते बघा. बऱ्याच साध्या पॉलिसींत ते वगळलेले असतात.

आता मुख्य प्रश्न, पैसे न्यायचे कसे. मोबाइलवर दिसणारा युरोचा भाव बँकांचा आपसातला भाव असतो. त्या भावाने आपल्याला कुणी युरो देत नाही. आपल्याला मिळणारा युरो त्याहून किती महाग पडतो, यावर कार्ड-रोख यांची निवड ठरते, आणि हा फरक पावतीवर वेगळा छापलेला नसल्यामुळे तो चटकन नजरेत येत नाही.

आपल्या कुटुंबाला तिथे खर्चायला हजार युरो आणि दीड हजार फ्रँक लागतील असं तूर्त धरू. हा आकडा कसा आला ते पुढे सांगतो. मोबाइलवरच्या भावाने ते 2,60,500 रुपये होतात. हेच सगळं नेहमीच्या क्रेडिट कार्डाने खर्च केलं, तर बहुतेक बँका साडेतीन टक्के परकीय चलन आकार लावतात आणि त्या आकारावर 18 टक्के जीएसटी. मिळून 4.13 टक्के, म्हणजे पावणेअकरा हजार जादा. विमानतळावरच्या खिडकीवर नोटा घेतल्या आणि भाव सहा टक्क्यांनी चढा मिळाला, तर साडेपंधरा हजार. फॉरेक्स कार्डावर चलन भरताना बँकेने दीड-दोन टक्के चढा भाव लावला असं धरलं, तर पाच हजारांच्या आसपास. त्यात कार्ड काढण्याचे तीनशे ते पाचशे आणि चलन खरेदीवरचा जीएसटी मिळवायचा. हा जीएसटी पूर्ण रकमेवर नसतो. लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा एक टक्का हे सेवामूल्य धरतात, लाखावरच्या भागाचा अर्धा टक्का, आणि त्या मूल्यावर 18 टक्के. आपल्या रकमेला तो सव्वातीनशे रुपयांच्या आसपास बसतो. तो पाहून घाबरण्यासारखं काही नाही, लक्ष ठेवायचं ते भावावर. दोन बँका आणि एक अधिकृत चलन विक्रेता यांना एकाच दिवशी, एकाच तासाला फोन करा आणि एकच विचारा: 'हजार युरो कार्डावर हवेत, सगळं धरून माझ्या खात्यातून किती रुपये जातील?' 'शून्य कमिशन' या शब्दांत अडकू नका, कमिशन भावातच मुरलेलं असतं.

फॉरेक्स कार्डाचा फायदा इथवर स्पष्ट आहे, पण या सहलीत त्याला एक मोठा खड्डा आहे. पॅरिसला युरो चालतो आणि स्वित्झर्लंडला फ्रँक. युरोप म्हणजे युरो असं समजून सगळी रक्कम युरोत भरली, तर स्वित्झर्लंडमध्ये प्रत्येक वेळी कार्ड लावताना युरोचे फ्रँक होणार आणि चलन ओलांडण्याचा आकार लागणार. तो दोन ते साडेतीन टक्के असतो. साडेतीन धरला, तर दीड हजार फ्रँकवर साडेपाच हजार रुपये गेले आणि कार्डाची सगळी बचत संपली. म्हणून अनेक चलनांचं कार्ड घ्यायचं, त्यात EUR आणि CHF असे दोन कप्पे आधीच भरायचे. कप्प्यातून कप्प्यात पैसे हलवायलाही आकार पडतो, त्यामुळे वाटणी घरीच नीट व्हायला हवी.

याच कार्डावर आणखी एक गोष्ट अडवते. हॉटेल किंवा भाड्याची गाडी देणारी कंपनी अनामत म्हणून काही रक्कम रोखून धरते. ती खर्च झालेली नसते, पण वापरताही येत नाही, आणि सुटायला कधीकधी आठवडे लागतात. प्रीपेड कार्डावर तीनशे फ्रँक असे अडकले, तर सहलीच्या मधोमध हात आखडतो. अनामतीसाठी क्रेडिट कार्ड द्यावं आणि खर्चासाठी फॉरेक्स कार्ड.

रोख थोडीच असावी. पाच जणांत दीडशे युरो आणि दोनशे फ्रँक पुरतात. नियमाप्रमाणे एका सहलीला माणशी 3,000 डॉलरपर्यंतच्या नोटा नेता येतात, पण तेवढी गरज नसते. एटीएममधून काढायचेच असतील तर एकदाच जास्त काढावेत, कारण बँकेचा आकार दर वेळी लागतो.

आता तो क्षण, जिथे सगळा अभ्यास दोन सेकंदांत वाया जाऊ शकतो. लुत्सर्नच्या एका दुकानात आजीसाठी 80 फ्रँकची शाल घेतली. विक्रेतीने कार्डाचं यंत्र पुढे केलं. पडद्यावर दोन ओळी आल्या. एकीत CHF 80.00, दुसरीत INR आणि नऊ हजारांच्या घरातला आकडा, खाली बारीक अक्षरांत 'भाव निश्चित' अशा अर्थाचं काहीतरी. आपल्या डोळ्यांना रुपये ओळखीचे वाटतात आणि बोट तिकडे जातं. आपल्या भावाने ती शाल 8,560 रुपयांची. वरचे चार-पाचशे त्या दुकानाच्या बँकेने लावलेल्या चढ्या भावाचे. आणि व्यवहार रुपयांत दिसला तरी दुकान परदेशातलं आहे, म्हणून आपली बँकही काही वेळा वेगळा आकार लावते. पडद्यावर नेहमी तिथलं चलन निवडायचं, फ्रान्समध्ये EUR, स्वित्झर्लंडमध्ये CHF. एटीएमवरही हाच प्रश्न येतो, तिथे 'रूपांतर नको' हा पर्याय घ्यायचा. विक्रेत्याने घाईत रुपये दाबले असतील, तर सही किंवा पिन देण्याआधी व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगावं. त्यात संकोच करण्याचं काही कारण नाही.

रोजचा खर्च कसा धरायचा ते आता बघू. पॅरिसला बेकरीत सँडविच आणि पेय आठ-नऊ युरोत मिळतं, पाच जणांचे 45. रात्री साध्या ठिकाणी जेवण आणि सकाळचा नाश्ता मिळून सव्वाशे धरावेत. उपाहारगृहात पाण्याची बाटली न मागता साध्या पाण्याचा जग मागायचा. तो जेवणासोबत फुकट देणं तिथे बंधनकारक आहे आणि पाच जणांच्या टेबलावर रोजचे दहा-बारा युरो वाचतात. मेट्रोचं एक तिकीट अडीच युरोच्या आसपास, दिवसाला तीन फेऱ्या धरल्या तर 40. असे दिवसाला दोनशे आणि काही, चार दिवसांचे साडेआठशे. लूव्ह्र संग्रहालयाचं तिकीट जानेवारी 2026 पासून युरोपबाहेरच्या पर्यटकांना 32 युरो झालं आहे. अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत, म्हणून तीन मोठ्यांचेच 96 लागतील. हॉटेलवाला निघताना पर्यटन कर वेगळा मागतो, माणशी आणि दर रात्रीचा. तो बुकिंगच्या रकमेत नसेल तर इथे धरायचा. अल्पवयीन मुलांना तो लागत नाही. असे हजार युरो भरतात.

स्वित्झर्लंड महाग आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण कुठे महाग आहे हे कळलं तर बजेट ताब्यात राहतं. महाग आहे ते बसून जेवणं. साध्या उपाहारगृहात एक मुख्य पदार्थ 25 ते 30 फ्रँकला पडतो. पाच जणांचं एक रात्रीचं जेवण दीडशे फ्रँकच्या आसपास, म्हणजे सोळा हजार रुपये. कोऑप किंवा मिग्रोमधून तांदूळ, भाज्या, दही, ब्रेड आणून स्वयंपाकघर असलेल्या फ्लॅटमध्ये केलेलं जेवण चाळीस फ्रँकमध्ये होतं. म्हणून सहा रात्रींत तीन जेवणं बाहेर आणि तीन घरी अशी विभागणी करायची. बाहेर जेवायच्या दिवशी खाण्याचे 200 आणि घरी करायच्या दिवशी 90, असे सहा दिवसांचे 870 फ्रँक. एक रविवार मध्ये येणार असेल, तर खरेदी शनिवारीच उरकायची. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, मोठ्या रेल्वे स्थानकांतली मात्र उघडी सापडतात. शनिवारी विसरलं की नेमका तो दिवस दीडशे फ्रँकचा होतो. आपल्याकडून मेतकूट, चटण्या, उपम्याची पाकिटं न्यावीत. तूप, पेढे, बर्फी असे दुधाचे पदार्थ मात्र नेऊ नयेत, बाहेरच्या देशांतून ते आणायला तिथे बंदी आहे.

प्रवासात याच्या उलट दिलासा आहे. आई-बाबांकडे स्विस ट्रॅव्हल पास किंवा हाफ फेअर कार्ड असेल, तर त्यांच्यासोबतची सोळा वर्षांखालची मुलं मोफत फॅमिली कार्डावर फिरतात. पाच जणांच्या कुटुंबाला तीनच तिकिटं लागतात. पास घ्यावा की अर्ध्या भाड्याचं कार्ड, याचं उत्तर डोंगरावर ठरतं. युंगफ्राउयोखचं येण्याजाण्याचं पूर्ण तिकीट 200 फ्रँकच्या वर आहे. पास त्यातल्या वरच्या टप्प्यावर 25 टक्के सवलत देतो, तर हाफ फेअर कार्ड निम्मं भाडं घेतं. रोज शहरं बदलणार असाल तर पास, एका गावी राहून दोन-तीन महागडे डोंगर करणार असाल तर कार्ड. ही तिकिटं पुण्या-मुंबईत बसून महिनाभर आधी ठरावीक तारखेची घेऊ नयेत. शिखरावरचा थेट कॅमेरा मोबाइलवर फुकट दिसतो. आदल्या संध्याकाळी आणि सकाळी तो बघून निर्णय घ्यावा, कारण ढगात गेलेल्या शिखराचे पैसे कुणी परत करत नाही. तीन मोठ्यांच्या डोंगरासाठी 400 फ्रँक, कॉफी, लॉकर, स्थानकावरचं स्वच्छतागृह अशा चिल्लर गोष्टींना रोजचे वीस आणि थोडी राखीव रक्कम, असे दीड हजार होतात.

रुपया मधल्या काळात घसरू शकतो. हॉटेलचे पैसे तिथे जाऊन फ्रँकमध्ये द्यायचे असतील, तर आज धरलेल्या रुपयांवर पाच टक्के वाढवून ठेवा, आणि चलन दोन-तीन हप्त्यांत घ्या. टीसीएसचीही जागा याच वहीत आहे. सगळं स्वतः आखलं, तर परकीय चलनाच्या खरेदीवर आर्थिक वर्षात माणशी दहा लाखांपर्यंत तो लागत नाही. टूर कंपनीचं परदेशी पॅकेज घेतलं तर पहिल्या रुपयापासून लागतो. त्याचा दर अर्थसंकल्पात बदलत आला आहे, म्हणून बुकिंगच्या दिवशीचा दर विचारावा. हा पैसा बुडत नाही, विवरणपत्र भरताना आयकरात वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोवर तो अडकून राहतो, आणि ज्याच्या पॅनवर कापला गेला त्याच्याच नावाने मिळतो. म्हणून पॅकेजचे पैसे घरातल्या कर भरणाऱ्या माणसाच्या पॅनवर भरावेत. आजीच्या नावावर भरले, तर परताव्यासाठी तिला विवरणपत्र भरावं लागेल.

परतल्यावर कार्डाचं स्टेटमेंट काढून बघा. अनामत सुटली का, एखादा व्यवहार दोनदा गेला का, कप्पा चुकून कुठे आकार लागला का. उरलेलं चलन लगेच सहल नसेल तर परत करावं, कारण वर्षभर पडून राहिलेल्या कार्डावर अनेक बँका निष्क्रियतेचा आकार कापतात. रोख नोटा 2,000 डॉलरच्या मोलापर्यंत घरी ठेवता येतात, त्याहून जास्त असतील तर 180 दिवसांत परत कराव्या लागतात. नाणी चलन विक्रेते घेत नाहीत, ती निघण्याआधी तिथल्या स्थानकावर खर्च करावीत. आणि आधीच्या सहलीतले जुने स्विस फ्रँक कपाटात असतील, तर ते नव्याने नेण्याआधी मालिका तपासा. 2021 मध्ये जुन्या मालिकेच्या नोटा चलनातून काढल्या गेल्या, दुकानदार त्या घेत नाही. स्विस नॅशनल बँक मात्र त्या आजही बदलून देते आणि त्याला मुदत नाही.